परिपाठांतील सुविचार आणि गाविलगडची गोष्ट

चिखलदऱ्याला थंडीच्या दिवसांत सकाळ उशिरां उजाडते. दरींतलें धुकें वर चढून शाळेच्या अंगणांत येतें, आणि रांगेंत उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे कांहीं काळ दिसतच नाहींत. त्यांचे आवाज तेवढे ऐकूं येतात. अशाच एका सकाळीं, १५ डिसेंबरला, तेथील एका शाळेचा परिपाठ ऐकण्याचा योग आम्हांस आला. गाविलगड पाहण्यास आम्ही गेलों होतों. मुख्याध्यापकांची ओळख निघाली आणि त्यांनीं आग्रहानें आम्हांस अंगणांत खुर्ची दिली.

परिपाठ म्हणजे काय हें महाराष्ट्रांतल्या घराघरांतील मुलांना ठाऊक असतें. राष्ट्रगीत होतें, १९६२ सालीं पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकानें लिहिलेली प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका वाचली जाते, प्रार्थना होते, आणि मग एक मूल पुढें येऊन आजचा सुविचार सांगतें, दुसरें दिनविशेष सांगतें आणि तिसरें बोधकथा सांगतें. सुविचार व बोधकथा या दोहोंस मिळून चार-पांच मिनिटें मिळतात. त्या दिवशीं फळ्यावर दिनविशेष होता तो सरदार पटेलांच्या पुण्यतिथीचा, कारण ते १९५० सालीं याच तारखेस वारले. त्यास अनुसरून सुविचार एकीच्या बळाचा होता, आणि गोष्ट काठ्यांच्या मोळीची. एका मुलीनें ती न अडखळतां सांगितली व शेवटीं म्हटलें, "तात्पर्य, एकीमध्यें बळ आहे." टाळ्या झाल्या आणि मुलें वर्गांत गेलीं.

सर्व कांहीं यथास्थित झालें होतें. तरी आमच्या मनास एक गोष्ट चुटपुट लावून गेली. त्याच १५ डिसेंबरला, १८०३ सालीं, गांवापासून कोसभरावर असलेला गाविलगड पडला होता. मुलांच्या पाठीशीं तो डोंगर उभा होता आणि फळ्यावर त्याचें नांव नव्हतें. आम्ही हें मुख्याध्यापकांजवळ बोललों, तेव्हां ते हंसून म्हणाले, "मग उद्यांची गोष्ट आपणच सांगा, सर. मात्र पांच मिनिटांच्या वर नको. पहिली तासिका गणिताची असते." आम्ही होकार दिला, आणि तो दिवस गडावर व ती रात्र या पांच मिनिटांच्या विचारांत घालविली. त्या विचाराचा वृत्तांत येथें देत आहों.

आधीं एक विचार आणि मागून एक गोष्ट, ही जोडी आपल्याकडे शाळेनें शोधून काढलेली नाहीं. नारदीय कीर्तन ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस ती तेव्हांच ओळखेल. पूर्वरंगांत बुवा एखादें पद किंवा अभंग घेतात आणि त्याचें निरूपण करतात. उत्तररंगांत त्याच्या पुष्टीस आख्यान लावतात. आणि आख्यान संपवितांना पुन्हां मूळ पदावर येतात. पूर्वरंग म्हणजे सुविचार आणि उत्तररंग म्हणजे बोधकथा, असें म्हणण्यास हरकत नाहीं. फरक आहे तो वेळेचा, आणि त्याहून मोठा फरक आहे तो निरूपणाचा. कीर्तनकार विचाराला तासभर उलटसुलट फिरवितो, शंका काढतो, विरुद्ध वचन घेतो, आणि मग गोष्टीला हात घालतो. परिपाठांत पूर्वरंग एका वाक्याचा उरला आहे. त्या वाक्याला कोणी शंका विचारीत नाहीं.

याच्याही मागें गेलें तर पंचतंत्र आहे. तेथें पात्र बोलतां बोलतां एक श्लोक म्हणतें, त्यांत एका गोष्टीचा उल्लेख असतो. ऐकणारा विचारतो, तें कसें घडलें? आणि मग गोष्ट सुरू होते. आपण मुलांना या गोष्टी सुट्या करून सांगतों, म्हणून एक महत्त्वाची बाब आपल्या ध्यानांतून जाते. पंचतंत्रांत प्रत्येक सुविचाराला बोलणारा असतो, आणि त्या बोलणाऱ्याचा कांहीं हेतु असतो. दमनक नांवाचा कोल्हा सिंहाला आणि बैलाला एकाहून एक सुंदर वचनें ऐकवितो, त्यांना साजेशा गोष्टीही सांगतो, आणि त्या जोरावर दोघां मित्रांत वैर पाडून बैलाचा जीव घेववितो. वचन खरें असूनही त्याचा उपयोग खोटा होऊं शकतो, हें त्या ग्रंथकर्त्याला पुरतें माहीत होतें. फळ्यावर खडूनें लिहिलेल्या वाक्याला मात्र बोलणारा नसतो. तें कोणीं, कोणाला, कशासाठीं म्हटलें हें पुसलेलें असतें. आणि खालीं नांव असलेंच तर तें बहुधा कोणा थोर पुरुषाचें, अनेकदां पडताळा न पाहतां लिहिलेलें असतें.

मग गोष्टीच्या शेवटचें तें 'तात्पर्य' कोठून आलें? त्याचा धागा शोधूं गेलें तर तो मोठ्या नवलानें पुन्हां गाविलगडाशींच येतो.

१८०३ च्या सप्टेंबरांत असई येथें आणि २९ नोव्हेंबरला वऱ्हाडांत अडगांव येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा मोड करून जनरल आर्थर वेलस्ली गाविलगडावर चालून आला. पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला तोच हा. त्याच्या स्वारींत राजकीय कामासाठीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नांवाचा चोवीस वर्षांचा एक तरुण होता. लढणें हें त्याचें काम नव्हतें. तरी गडावर हल्ला झाला तेव्हां तो हौसेनें हल्ला करणाऱ्या तुकडीबरोबर तटाच्या खिंडारांतून आंत शिरला. हाच एल्फिन्स्टन १८१९ सालीं मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२२ मध्यें मुंबईंत देशी शाळा व शाळेचीं पुस्तकें यांसाठीं जी मंडळी स्थापन झाली, तिचा तो अध्यक्ष होता; आणि १८२३ च्या डिसेंबरांत त्यानें शिक्षणाविषयीं जें टिपण लिहिलें, त्यांत देशी भाषांत नीतीचीं व पदार्थविज्ञानाचीं पुस्तकें तयार करवावीं, हें एक मुख्य कलम होतें. त्याच मंडळीकडून, एल्फिन्स्टन विलायतेस गेल्यावर लौकरच, १८२८ सालीं सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचीं 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' हीं पुस्तकें निघालीं. इसापाच्या गोष्टी त्यापूर्वींही तंजावरास सरफोजी राजांच्या पदरीं मराठींत आल्या होत्या. पण महाराष्ट्रांतल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या वाचली गेली ती छत्र्यांची इसापनीति. लहान गोष्ट, तिच्या शेवटीं रेघ ओढल्यासारखें एका-दोन वाक्यांचें तात्पर्य, हें वळण मराठी शाळेला लागलें तें तेथून. त्या सकाळीं चिखलदऱ्याच्या मुलीनें "तात्पर्य" म्हणून जो श्वास घेतला, तो शब्द शाळेपर्यंत आणणाऱ्या मंडळीचा अध्यक्ष समोरच्या गडाच्या खिंडारांतून चढून गेलेला होता.

यांत आम्हांस कोणावर आरोप करावयाचा नाहीं. छत्र्यांचें मराठी सरळ आणि गोड आहे, आणि इसापानें कोणाचें वाईट केलेलें नाहीं. पण प्राण्यांच्या गोष्टीला तात्पर्य जसें बसतें तसें इतिहासाला बसत नाहीं, हें पाहण्यासाठीं गाविलगडाइतकें जवळचें उदाहरण दुसरें नाहीं.

गोष्ट निवडतांना मुख्याध्यापकांनीं दुसरी एक सुचविली होती. भीमानें कीचकाला मारून येथल्या दरींत टाकलें, भीमकुंडांत हात धुतले, आणि कीचकदऱ्याचें चिखलदरा झालें, अशी ती कथा. गांवांतल्या प्रत्येक मुलाला ती ठाऊक असते. ती सांगण्यास आमची ना नाहीं. मात्र ती दंतकथा म्हणून सांगावी. विराटनगरी आमचीच, असें वाईचे लोकही म्हणतात आणि राजस्थानांतील बैराटचेही म्हणतात. मुलाला दंतकथा आणि इतिहास यांतला फरक कळावयाचा असेल तर सांगणाऱ्याच्या पहिल्या वाक्यांतच तो दिसला पाहिजे. "लोक असें सांगतात" हे तीन शब्द पुरतात.

आतां गाविलगडाचा वृत्तांत. हा गड बहामनी सुलतान अहमदशहा यानें १४२५ च्या सुमारास बांधविला. १८०३ मध्यें तो नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि किल्लेदार होता बेनीसिंह नांवाचा रजपूत. गडाचे दोन भाग आहेत. आंतला किल्ला दक्षिणेकडे, जेथें डोंगर सरळ तुटलेला आहे. बाहेरचा किल्ला उत्तरेकडे व वायव्येकडे त्याला कवेंत घेऊन आहे. आणि उत्तरेकडून लबाडा गांवच्या बाजूनें सपाटीवरून वाट येते तिच्यावर आणखी एक तट आहे. म्हणजे शत्रु यावयाचा तो उत्तरेकडून, हें बांधणाऱ्यांनीं ओळखलेलें होतें.

वेलस्लीनेंही तेंच ओळखलें. दक्षिणेकडून त्यानें तोफा लावून पाहिल्या. पण लोखंडी जड तोफा त्या चढावावर मोर्चापर्यंत नेतां येईनात, आणि हलक्या पितळी तोफांचा तटावर फारसा परिणाम होईना. खरें काम कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनें केलें. ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत डोंगर-नाल्यांतून सुमारें तीस मैल नवी वाट फोडीत, जड तोफा बहुतेक ठिकाणीं माणसांनीं हातांनीं ओढीत, ती फौज उत्तरेला लबाड्यास पोंचली. १३ च्या सकाळीं मारा सुरू झाला आणि १४ च्या रात्रीं बाहेरच्या तटाला खिंडारें पडलीं. १५ ला सकाळीं दहाच्या सुमारास हल्ला झाला. त्याचा म्होरक्या कर्नल केनी याला प्राणघातक जखम झाली. तरी बाहेरचा किल्ला हातीं आला.

पण आंतल्या किल्ल्याच्या भिंतीला एकही खिंडार पडलेलें नव्हतें. दोहोंमधल्या दरवाजावर कांहीं प्रयत्न झाले आणि ते फसले. तेव्हां शोध करतां करतां भिंतीला शिडी लावतां येईल अशी एक जागा सांपडली. कॅप्टन कॅम्बेल नांवाच्या अंमलदारानें आपली तुकडी तेथून वर चढविली आणि आंत उतरून दरवाजा उघडला. बाहेर थांबलेली फौज त्या दरवाजानें आंत आली. बेनीसिंहाचें प्रेत मागाहून दरवाजाशीं पडलेल्या प्रेतांत सांपडलें. दोन दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क गेला. तो मुलूख निजामाकडे आला. गाविलगड मात्र तहानें भोसल्यांस परत मिळाला.

आतां याचें तात्पर्य काय लावावें? आम्ही त्या रात्रीं कागदावर चार-पांच सुविचार लिहून पाहिले. 'प्रयत्नांतीं परमेश्वर' हा पहिला. तोफा ओढणाऱ्यांना तो शोभतो. पण मग गोष्ट हल्ला करणाऱ्यांची होते, आणि गडावर मेलेलीं माणसें तिच्यांतून नाहींशीं होतात. 'शूर मरतो पण हटत नाहीं' हा दुसरा; बेनीसिंहाला तो शोभतो. पण त्याच्या व इतर रजपुतांच्या घरांतल्या बायका शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून त्यांना मारण्याचा प्रयत्न झाला होता. कांहीं मेल्या आणि बऱ्याच जखमी होऊन वांचल्या. ही हकीकत वगळल्याखेरीज तो सुविचार फळ्यावर लिहितां येत नाहीं. 'फितुरीनें घात होतो' हा तिसरा. पडलेल्या किल्ल्यांच्या गोष्टींत तो इतका रुळला आहे कीं आपोआप जिभेवर येतो. पण येथें तो खोटाच आहे, कारण दरवाजा उघडला तो शिडीनें चढून आलेल्या शत्रूनें, फितुरानें नव्हे.

येथें आम्हांस या प्रकारच्या भाषणांतील मुख्य दोष सांपडला. सुविचार आधीं ठरतो आणि गोष्ट त्याच्या मापानें कापली जाते. तो दोष ओळखण्याची एक खूण आहे. गोष्ट सांगून झाल्यावर स्वतःशींच विचारावें, हिच्यांतली कोणती गोष्ट वगळली नाहीं तर माझा सुविचार कोसळेल? असें कांहीं सांपडलें तर सुविचार बदलावा, गोष्ट बदलूं नये. लहान मुलांसमोर सर्वच सांगतां येत नाहीं, हें खरें. जखमी बायकांची हकीकत दहा वर्षांच्या मुलांना सकाळच्या प्रार्थनेनंतर सांगावी असें आम्हीही म्हणणार नाहीं. पण न सांगितलेली गोष्ट जिच्याविरुद्ध जात नाहीं अशीच शिकवण निवडणें, एवढें सांगणाऱ्याच्या हातीं असतें.

शेवटीं १६ डिसेंबरच्या सकाळीं आम्ही जें बोललों तें असें होतें.

"मुलांनो, आजचा सुविचार: आपल्या भिंतींतली कच्ची जागा परक्याच्या आधीं आपल्याला दिसावी.

"समोरचा गड तुम्ही रोज पाहतां. कालच्याच तारखेला, १८०३ सालीं, तो पडला. गडावर बेनीसिंह नांवाचा किल्लेदार होता. खालून वेलस्लीची फौज आली. गडाला बाहेर एक किल्ला आणि आंत दुसरा किल्ला, अशा भिंतींमागें भिंती होत्या. फौजेनें डोंगरांतून सहा दिवस तोफा ओढून आणल्या. त्या फौजेंत गोरे होते तसे आपल्या देशाचे शिपाईही पुष्कळ होते. दोन दिवस तोफा चालल्या आणि बाहेरची भिंत फुटली. आंतली भिंत फुटली नाहीं. ती तशीच उभी होती. मग गड कसा पडला? त्या भिंतीला एक जागा अशी होती कीं तेथें शिडी टेंकतां येत होती. शत्रूनें ती शोधली. थोडी माणसें तेथून चढलीं, आंत उतरलीं, आणि त्यांनीं दरवाजा आंतून उघडला. भिंत फुटली नाहीं, पण गड गेला. बेनीसिंह पळाला नाहीं. तो दरवाजाशींच मरून पडलेला सांपडला.

"तुम्ही गडावर जाल तेव्हां आंतल्या भिंतीच्या बाजूनें चाला आणि पाहा, शिडी कोठें टेंकली असेल. मलाही नक्की जागा सांपडली नाहीं. तुम्हांला सांपडली तर गुरुजींना सांगा."

एवढेंच. घड्याळांत पाहिलें तर तीन मिनिटेंही झालीं नव्हतीं. शेवटीं 'तात्पर्य' आम्ही म्हटलें नाहीं. सुविचार आधींच सांगून झाला होता, आणि तो पुन्हां सांगितला कीं मुलें गोष्ट विसरून वाक्य तेवढें पाठ करतात, असा आमचा वर्गांतला अनुभव आहे. शेवटीं एक करावयाचें काम दिलें, कारण गड तेथेंच होता. ज्या गांवीं गड नाहीं त्या गांवीं विहीर असेल, पूल असेल, जुना वाडा असेल.

मुलें वर्गांत जाऊं लागलीं तेव्हां रांगेच्या टोकाचा एक कोरकू मुलगा थांबला. घरीं कोरकू बोलणाऱ्या आणि शाळेंत मराठी शिकणाऱ्या मुलाला शब्द जुळविण्यास क्षणभर लागतो. तो म्हणाला, "सर, त्यांत आपण कोणते?"

आम्ही गप्प राहिलों. गड बांधला बहामनी सुलतानानें, राज्य भोसल्यांचें, किल्लेदार रजपूत, चढाई इंग्रजांची आणि तिच्यांत शिपाई आपल्याच देशाचे; आणि या डोंगरांत त्या सर्वांच्या आधींपासून राहणारे त्याचे पूर्वज या हकीकतींत कोठेंच नाहींत. त्या तीस मैलांच्या वाटेवर तोफा जात असतां कोणाच्या शेतांतून गेल्या, वाट कोणीं दाखविली, हें सेनापतीच्या पत्रांत नाहीं. आम्ही त्याला म्हटलें, "तें पुस्तकांत लिहिलेलें नाहीं, बाळ. तुझ्या घरच्या म्हाताऱ्यांना विचार." तो मान हलवून गेला.

हा प्रश्न काठ्यांच्या मोळीच्या गोष्टीनंतर कोणा मुलाला सुचला नसता, कारण त्या गोष्टींत सुविचारापलीकडे कांहीं उरत नाहीं. गाविलगडाच्या गोष्टींत उरलें. आमच्या सुविचारांत न मावलेलें त्या मुलानें तीन मिनिटांत हेरलें. आम्ही भिंतींतली कच्ची जागा शोधण्यास सांगितलें होतें, आणि त्यानें ती आमच्याच गोष्टींत दाखवून दिली. निघतांना मुख्याध्यापकांनीं आम्हांस विचारलें, पुढच्या वर्षींही १५ डिसेंबरला हीच गोष्ट ठेवूं काय? आम्ही म्हटलें, ठेवा. पण सुविचाराची जागा फळ्यावर रिकामी ठेवा आणि गोष्ट झाल्यावर तो मुलांकडून लिहवून घ्या. त्यांनीं तें मान्य केलें, मात्र गणिताची तासिका त्या दिवशीं उशिरां सुरू होईल, असें बजावून ठेवलें.